चिठ्ठीतला शब्द, तीन मिनिटं आणि एक चौकट

शंकेखोर : उदाहरण, कारण, परिणाम. विषय कुठलाही येवो, या तीन खणांत टाका म्हणजे भाषण तयार, असं तुम्ही मुलांना शिकवता. त्यामुळे 'लोकशाही' आणि 'एकटेपणा' या दोन विषयांवरची भाषणं आता एकाच साच्यातून काढलेल्या मोदकांसारखी दिसू लागली आहेत. आत सारण असो नसो, कळ्या बरोबर पडलेल्या असतात. मुलगा उभा राहतो, 'उदाहरणच द्यायचं झालं तर' म्हणतो, मग 'याची कारणं पाहिली तर' म्हणतो, आणि शेवटी 'याचे दूरगामी परिणाम होतात' म्हणून खाली बसतो. आपल्याकडे कीर्तनकार अमूर्त विषय फार वेगळ्या रीतीने हाताळत आला आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तो आधी विचार उलगडतो, शब्दाची फोड करतो, शंका काढतो, तिचं निरसन करतो आणि मग उत्तररंगात आख्यान लावतो. विचार आधी, गोष्ट मागून. तुम्ही ही गाडी उलटी जुंपली आहे. विषयाचा विचार होण्याआधीच गोष्ट सुरू होते आणि ती जिकडे नेईल तिकडे विषय फरफटत जातो.

समर्थक : कीर्तनकाराला दोन-अडीच तास असतात आणि अभंग त्याने स्वतः निवडलेला असतो. माझ्या मुलाचं काय होतं ते पाहा. सैन्यदलाच्या निवड मंडळासमोर 'लेक्चरेट' नावाचा प्रकार असतो. हातात एक चिठ्ठी येते, तिच्यावर चार विषय असतात. त्यांतला एक निवडायचा, तीन मिनिटं मनाशी जुळवाजुळव करायची आणि आपल्याच गटातल्या उमेदवारांसमोर तीन मिनिटं बोलायचं. नाशिकमध्ये १९३७पासून भोसला सैनिकी शाळा आहे, त्यामुळे या तीन मिनिटांची धास्ती इथल्या बऱ्याच घरांना ठाऊक आहे. महाविद्यालयांच्या उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धांतही तपशील बदलतात, पेच हाच असतो. सावकाश, समजेल असं बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. म्हणजे सगळा हिशेब साडेतीनशे शब्दांचा. चिठ्ठीवर 'अनिश्चितता' असा शब्द आहे आणि मुलगा व्याख्येपासून सुरुवात करतो : अनिश्चितता म्हणजे निश्चिततेचा अभाव. पुढे काय? अमूर्त शब्दाची व्याख्या दुसऱ्या अमूर्त शब्दाने होते, दुसऱ्याची तिसऱ्याने, आणि पन्नासाव्या सेकंदाला घसा कोरडा पडतो. उदाहरण आधी घ्यायला मी सांगतो ते एवढ्यासाठीच की उदाहरणाला तारीख असते, गाव असतं, माणसं असतात आणि त्यांना प्रश्न विचारता येतात. शब्दाला 'का?' विचारून काही हाती लागत नाही, घटनेला विचारून लागतं.

शंकेखोर : मग 'अनिश्चितता'च घ्या आणि करून दाखवा. मात्र मुलाला खरोखर माहीत असेल तेवढंच वापरायचं.

समर्थक : निफाड तालुक्यातल्या मुलाला जे माहीत असतं तेच घेतो. ७ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदीची अधिसूचना काढली. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यात अनेक ठिकाणी लिलाव बंद पडले. बंदी ३१ मार्चपर्यंत असल्याचं सांगितलं होतं, मार्चमध्ये ती वाढवली आणि ४ मे २०२४ला उठवली, तीही किमान निर्यात मूल्य आणि शुल्काच्या अटींसह. हे झालं उदाहरण, पाऊण मिनिटाचं. आता कारण. इथे मुलं घसरतात, कारण 'सरकारचं धोरण' एवढं म्हणून ती मोकळी होतात. मी त्यांना विचारायला लावतो, की डिसेंबरातच ही बंदी एवढी का झोंबली? याचं उत्तर कांद्यातच आहे. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. त्यात पाण्याचा अंश जास्त, तो साठवून टिकत नाही. उन्हाळ कांदा असता तर शेतकऱ्याने चाळीत चार-पाच महिने ठेवून वाट पाहिली असती. लाल कांद्याला वाट पाहणं परवडत नाही. म्हणजे निर्णय दिल्लीत झाला हे कारण अर्धंच आहे, माल नाशवंत होता हे दुसरं अर्धं. दोन्ही एकत्र आल्याशिवाय तो परिणाम झालाच नसता. आणि परिणाम कोणता सांगायचा? भाव पडला हे सगळे सांगतात. त्यापुढचा सांगायचा : ज्याला बंदी कधी लागेल आणि कधी उठेल हे कळत नाही, तो पुढच्या हंगामात किती लागवड करायची याचा हिशेबच सोडून देतो आणि शेजाऱ्याकडे पाहून ठरवतो. अनिश्चितता माणसाचं नुकसान करते, शिवाय त्याची हिशेब करायची सवयही मोडते. हे वाक्य व्याख्येतून निघालं नसतं. ते कांद्यातून निघालं.

शंकेखोर : भाषण चांगलं झालं, पण ते कांद्यावर झालं. एका विद्यार्थ्याने गाईवर निबंध पाठ केला होता, परीक्षेत आला नारळाच्या झाडावर, तेव्हा त्याने गाय नारळाच्या झाडाला बांधली आणि पुढे गाईबद्दल लिहिलं, तशातली ही गत. माझी कसोटी साधी आहे. भाषणातून विषयाचा शब्द काढा आणि त्या जागी दुसरा घाला. 'शासन आणि शेतकरी' किंवा 'बाजारपेठ' या मथळ्याखाली हेच भाषण शब्दही न बदलता चाललं, तर विषयावर बोलणं झालेलंच नाही. तुमचं शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं चालतं. दुसरं असं, की हे भाषण ऐकणाऱ्याने 'अनिश्चितता' आणि 'धोका' यांत फरक काय असं विचारलं, तर मुलाकडे उत्तर नाही. एका उदाहरणाने शब्दाला अंग येतं, पण कुंपण येत नाही. तुमच्याआधी शेकडो वर्षं न्यायशास्त्राने याच कामासाठी चौकट केली होती : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे, जसं स्वयंपाकघर. त्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. स्वयंपाकघराच्या बरोबर तळंही ठेवलं, जिथे आग नाही म्हणून धूरही नाही. अन्वय आणि व्यतिरेक. तुमच्या चौकटीत स्वयंपाकघर आहे, तळं नाही. आणि उपनयही नाही, म्हणजे उदाहरणावरून मूळ विषयाकडे परत येण्याची पायरीच नाही. मुलगा लासलगावला जातो आणि तिकडेच राहतो.

समर्थक : तळ्याची गोष्ट मान्य करतो, आणि ते तळं दूर शोधावं लागत नाही. बंदीच्या अकरा दिवस आधी, २६ नोव्हेंबरला, निफाड परिसरात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. द्राक्षबागांचं नुकसान झालं. तीही आपत्तीच, तीही अचानक. पण आपल्याच जिल्ह्यात बागलाणकडचा बागायतदार अर्ली छाटणी करतो तेव्हा त्याला ठाऊक असतं, की पावसात सापडलो तर डावणी येईल, घडकूज होईल, आणि साधलं तर इतरांच्या आधी माल बाजारात जाऊन भाव जास्त मिळेल. तो तोलून पाहतो आणि डाव लावतो. फवारणीचा खर्च त्याने धरलेला असतो, जमलं तर विमाही. याला जोखीम म्हणतात. अधिसूचनेला असा भाव लावता येत नाही, कारण ती किती वर्षांत किती वेळा आणि कुठल्या महिन्यात येते याचा अंदाज बांधायला काही आधारच नाही. अर्थशास्त्रात हा भेद फ्रँक नाइट याने १९२१मध्ये केला : मोजता येते ती जोखीम, मोजता येत नाही ती अनिश्चितता. मुलाला नाइट माहीत असण्याची गरज नाही. द्राक्ष आणि कांदा शेजारी ठेवले की तो भेद त्याला स्वतःच दिसतो. म्हणून मी माझ्या चौकटीत दुरुस्ती करतो. उदाहरण एकटं घ्यायचं नाही, त्याच्या जवळचं पण त्या शब्दात न बसणारं दुसरं एक बरोबर घ्यायचं. हे दुसरं फार लांबचं असून चालत नाही. अनिश्चिततेच्या समोर सूर्योदय ठेवला तर काहीच कळत नाही. दिसायला सारखं आणि असायला वेगळं, असंच पाहिजे.

शंकेखोर : यात तुमची तीन मिनिटं संपली. दोन उदाहरणं, कारणांची साखळी, परिणाम आणि वर परतीची पायरी, हे साडेतीनशे शब्दांत बसवून दाखवा.

समर्थक : बसतं, पण काहीतरी टाकावं लागतं, आणि काय टाकायचं याबाबत माझं मत पक्कं आहे. कारणांची संख्या टाकायची. मुलांना तीन कारणं सांगायची सवय असते आणि ती बहुधा ठरलेली असतात : वाढती लोकसंख्या, मोबाइल, बदलती जीवनशैली. कुठल्याही विषयाला चालतात, म्हणून कुठल्याच विषयाची नसतात. साडेतीनशेपैकी शंभर-सव्वाशे शब्द कारणांना दिले आणि त्यांत तीन कारणं कोंबली, तर प्रत्येकाला चाळीस शब्द येतात. चाळीस शब्दांत कारणाचं नाव सांगून होतं, ते कारण काम कसं करतं हे सांगून होत नाही. त्यापेक्षा एकच कारण घ्यावं आणि त्याच्या खाली आणखी एक पायरी उतरावं, जसं बंदीच्या खाली लाल कांद्याचं पाणी. आणि प्रत्येक कारणाला एक प्रश्न विचारावा : हे नसतं तर हा परिणाम झाला असता का? उत्तर 'झालाच असता' असं आलं, तर ते कारण नव्हतं, नुसतं शेजारी उभं होतं. असं केलं तर वेळेचं साधारण असं जुळतं : कांदा चाळीस सेकंद, द्राक्ष तीस, कारण पन्नास, परिणाम तीस आणि उरलेल्या अर्ध्या मिनिटात शब्दाकडे परत. त्या परतीला शेवटची दहा सेकंदं ठेवली तर ती हमखास राहून जाते, म्हणून अर्धं मिनिट.

शंकेखोर : ठीक. पण आत्तापर्यंत तुम्ही ओळखीच्या मैदानावर खेळलात. शब्द अमूर्त होता, तरी अनुभव घरचा होता. आता अनोळखी विषय घ्या. चिठ्ठीवर येतं 'दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं'. मुलाने हा शब्द बातमीत कधीतरी ओझरता पाहिला आहे, यापलीकडे काही नाही. तुमची चौकट त्याला थांबू देणार नाही. ती म्हणेल, उदाहरण दे, कारण दे. मग तो नावावरूनच अंदाज बांधेल : ही द्रव्यं दुर्मीळ आहेत, म्हणून महाग आहेत, म्हणून देशादेशांत भांडणं आहेत. उदाहरण, कारण, परिणाम, सगळं कसं जागच्या जागी! आणि पहिलंच वाक्य चूक. ही मूलद्रव्यं भूकवचात तितकी दुर्मीळ नाहीत. ती विखुरलेली असतात, एकमेकांसारखी असल्यामुळे वेगळी करणं किचकट असतं, आणि हे शुद्धीकरण फार मोठ्या प्रमाणावर एकट्या चीनमध्ये होतं. अडचण खाणीत कमी आणि कारखान्यात जास्त आहे. न येणारा मुलगा पूर्वी गप्प बसायचा. तुमच्या चौकटीमुळे तो आता अस्खलित चुकतो. मला हे जास्त घातक वाटतं. ऐकणाऱ्यालाही पत्ता लागत नाही, कारण बोलण्याचा बांधा निर्दोष असतो.

समर्थक : हा आक्षेप खरा आहे, पण चौकट वापरण्याच्या एका पद्धतीवरचा आहे. रिकामा खण दिसला की तो भरायलाच हवा असं मानणारी पद्धत. खण रिकामा आहे हे कळणं हाही चौकटीचाच उपयोग. तीन मिनिटांच्या विचारात मुलाने प्रत्येक खणापुढे स्वतःला विचारावं : हे मला माहीत आहे, की नावावरून वाटतं? दुर्मीळ मृदांच्या रसायनाचा खण रिकामा निघाला तर त्याने एक पायरी वर चढावं. वस्तू ओळखीची नसली तरी तिचा प्रकार ओळखीचा असतो का? 'एकाच विक्रेत्याकडे मिळणारी गरजेची वस्तू' हा प्रकार त्याला कळतो. एप्रिल २०२५मध्ये चीनने यांतल्या काहींच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्याकडच्या वाहन उद्योगाला मोटारींत लागणाऱ्या चुंबकांची चणचण भासू लागली, एवढी बातमी त्याने वाचली असेल तर उदाहरण तयार आहे. आणि त्याने सुरुवातीलाच सांगावं, की या द्रव्यांच्या रसायनात मी शिरत नाही, मी त्यांच्या व्यापाराबद्दल बोलतो. दहा शब्दांचं कुंपण घातलं की आतलं सगळं त्याच्या जबाबदारीचं होतं.

शंकेखोर : आणि बातमीही वाचलेली नसेल तर?

समर्थक : तर त्याने दुसरा विषय घ्यावा. चार दिलेले असतात ते याचसाठी. चौकट म्हणजे वाचनाची उधारी नव्हे.

शंकेखोर : चला, इतपत जुळलं. आता माझा खरा आक्षेप, आणि तो तिसऱ्या खणाबद्दल आहे. प्रत्येक विषय शेवटी परिणामांत मोजायला शिकवणारी चौकट मुलाच्या मनात न सांगता एक तत्त्वज्ञान पेरते : गोष्टीची किंमत तिच्या फळावरून ठरते. 'प्रामाणिकपणा'वर बोलणारा मुलगा त्यामुळे हटकून प्रामाणिकपणाचे फायदे सांगतो, जणू तोटा झाला असता तर प्रामाणिकपणा सोडायला हरकत नव्हती. नाशिकचंच उदाहरण घ्या. विषय 'चिकाटी'. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला. डॉ. आंबेडकरांचं नेतृत्व, इथे दादासाहेब गायकवाडांची बांधणी, काही वर्षं चाललेला लढा, लाठ्या, दगडफेक, तुरुंग. आता परिणामाच्या खणात काय लिहाल? त्या सत्याग्रहाने मंदिराचे दरवाजे उघडले नाहीत. १९३४ला भाषण थांबवलं तर चिकाटी वाया गेली असं निघतं. १३ ऑक्टोबर १९३५ला, याच जिल्ह्यात येवल्याला, आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. तिथे थांबलात तर त्या लढ्याचा परिणाम म्हणजे आशा सुटणं. १९५६ला नागपूरपर्यंत गेलात तर तो एका मोठ्या वाटेचा आरंभ ठरतो. घटना तीच, परिणाम तीन, आणि कुठला खरा हे बोलणाऱ्याने घड्याळ कुठे थांबवलं त्यावर अवलंबून. शिवाय मंदिरात जाण्याचा हक्क होता की नव्हता हा प्रश्न या तिन्हींपैकी कुठल्याच उत्तराने सुटत नाही. दार कधीच उघडलं नसतं तरी तो होताच.

समर्थक : पहिल्या भागाला माझ्याकडे उत्तर आहे, दुसऱ्याला पूर्ण नाही. परिणाम कुठवर मोजला ते वक्त्याने उघड सांगावं : 'मी १९३५पर्यंतचं बोलतो आहे.' आणि वेळ असेल तर पुढची एक तारीख घेऊन, तिथे हाच परिणाम कसा वेगळा दिसतो, हेही सांगावं. असं केलं तर काळारामचं उदाहरण चिकाटीबद्दल काहीतरी नवं सांगू लागतं : चिकाटीची किंमत चिकाटी धरणाऱ्याला त्या वेळी दिसत नसते. हे वाक्य मिळवायला तिसरा खण लागलाच. पण हक्काचा मुद्दा तुम्ही काढला आहे तो या खणात बसत नाही हे खरं. 'काय झालं' हे सांगणारी चौकट 'काय व्हायला हवं होतं' हे सांगू शकत नाही. तिथे मी मुलांना एवढंच सांगतो, की विषयात 'हवं', 'योग्य', 'हक्क', 'कर्तव्य' असं काही लपलेलं दिसलं तर परिणामांचा खण आखडता घ्या आणि 'परिणाम उलटा झाला असता तरी मी हेच म्हणालो असतो का?' हा प्रश्न भाषणात मोठ्याने विचारा.

शंकेखोर : म्हणजे तुम्ही चौकट मोडायला सांगता.

समर्थक : कुठे मोडते ते दाखवायला सांगतो. तुम्ही ती हातीच घेऊ नका म्हणता, आणि मग चिठ्ठी हातात आलेल्या मुलाने त्या तीन मिनिटांत काय करावं हे सांगत नाही.

शंकेखोर : सांगतो. चारही विषयांसाठी आधी उदाहरण शोधू नये, तळं शोधावं, तुमच्या भाषेत द्राक्ष. ज्या शब्दाच्या अगदी जवळचं पण त्यात न बसणारं काहीतरी पटकन सुचतं, तो शब्द आपल्याला कळतो. तोच निवडावा. बाकी तीन कितीही सोपे दिसले तरी सोडून द्यावेत.

समर्थक : आणि चारहींना न सुचलं तर?

शंकेखोर : तर तुमची चौकट वापरावी, आणि पहिल्या वाक्यात कुंपण घालावं.

समर्थक : ते मी मघाशीच म्हणालो होतो. पण द्राक्षाने विषय निवडायचा हे मला सुचलं नव्हतं. निवडीला मी आजवर अर्धं मिनिट देत होतो, आता एक देईन. जुळवाजुळवीला दोन उरतात, आणि ती पुरतील की नाही हे मला अजून माहीत नाही.